वीज न लावता शेडमधली गरम हवा बाहेर काढायची, तर टर्बो व्हेंटिलेटर किंवा रिज व्हेंट बसवण्याचं काम कोणत्या क्रमाने करायचं

एमआयडीसीतल्या बहुतेक शेडांवर क्रम उलटा दिसतो. उन्हाळा सुरू झाला, कामगार वैतागले, की मालक आठ-दहा टर्बो व्हेंटिलेटर मागवतो, फॅब्रिकेटर पत्र्याला भोकं पाडून ते बसवतो. वर पंखे गरागरा फिरतात आणि खाली उकाडा जवळपास तसाच राहतो. मग दोष टर्बोला जातो. पण टर्बो हवा तयार करत नाही. खालून जेवढी हवा आत येईल तेवढीच तो वरून सोडू शकतो. म्हणून हे काम छतापासून नाही, भिंतीपासून सुरू करायचं.

आणखी एक समज आधीच काढून टाकू. टर्बो फिरतोय याचा अर्थ तो हवा बाहेर काढतोय असं नाही. तो बाहेरच्या वाऱ्याने फिरतो. खाली सगळं बंद असलं तरी फिरतच राहील. उलट वारा पडलेला असताना स्थिर उभ्या टर्बोतूनही गरम हवा आपल्या हलकेपणाने वर जात असते. त्यामुळे फिरणं हा कामाचा पुरावा धरू नका. खरी तपासणी कशी करायची ते सहाव्या टप्प्यात आहे.

टप्पा १ : आधी मोजा, मग ठरवा

साधे डिजिटल थर्मामीटर तीन जागी लावा. एक बाहेर सावलीत, एक आत माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आणि एक ट्रसजवळ, आढ्याच्या खाली. दुपारी दोन ते चार या वेळेत, मशीन चालू असताना नोंद घ्या. एका दिवसाच्या नोंदीवर जाऊ नका. ढगाळ दिवस फसवतो.

आता आकडे काय सांगतात ते बघा. आढ्याखाली डोक्याच्या उंचीपेक्षा आठ-दहा अंश जास्त असेल, तर वर गरम हवेचा थर अडकलाय. रिज व्हेंट, म्हणजे आढ्यावर ठेवलेली टोपीखालची लांब फट, किंवा टर्बो यांचा फायदा इथे नक्की होतो. पण वर-खाली फारसा फरक नाही, बाहेरही तेवढंच तापमान आहे आणि तरी माणसं भाजून निघताहेत, असं असेल तर त्रास हवेचा नाही. तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतोय. तिथे पत्र्याखाली इन्सुलेशन किंवा वरून पांढरा परावर्तक रंग हे पहिलं काम, व्हेंट दुसरं.

> लक्षात ठेवा : लेझर गनने हवेचं तापमान मोजता येत नाही. ती समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवते. पत्र्यावर रोखून "शेडमध्ये ६० अंश आहे" म्हणणारे खूप भेटतात.

मर्यादाही इथेच समजून घ्या. विजेशिवायचं कोणतंही व्हेंट आतलं तापमान बाहेरच्या खाली नेत नाही. बुटीबोरीत मे महिन्यात बाहेर ४४ असेल, तर उत्तम व्हेंट लावूनही आत ४४ च्या वरच राहणार. आपण झगडतोय ते फक्त त्या वरच्या फरकाशी.

दोन ठिकाणी हा मार्गच धरू नका. स्प्रे पेंटिंग, वेल्डिंगचा दाट धूर, रसायनांची वाफ जिथे निघते तिथे ती उगमापाशीच ओढून घेणारी वेगळी यंत्रणा लागते. छतावरच्या व्हेंटपर्यंत पोचायच्या आधी ती माणसाच्या नाकातून जाते. आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये आधी विचार करा. सुताला दमट हवा लागते. इचलकरंजी-मालेगावकडे भर उन्हाळ्यात कोरडी हवा खेळवली की धागे तुटायला लागतात.

टप्पा २ : किती उष्णता काढायची आहे?

विक्रेता तासाला अमुक वेळा हवा बदलेल या भाषेत बोलतो. त्यात शेडचं आकारमान येतं, आत किती उष्णता तयार होते ते येत नाही. सारख्याच आकाराच्या गोदामाला आणि मशीन शॉपला मग सारखेच टर्बो सुचवले जातात. मी उष्णतेवरून हिशोब करतो.

एक नमुना शेड घेऊ. लांबी ३० मीटर, रुंदी १५ मीटर, कडेची उंची ६ मीटर, आढ्याची ८ मीटर. आत लेथ, मिलिंग, एक कॉम्प्रेसर. मशीन चालू असताना सरासरी लोड २० किलोवॅट. मशीनने खाल्लेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊन शेडमध्येच राहते, म्हणून २० किलोवॅट हा पहिला आकडा.

दुसरा आकडा छताचा, आणि तो बहुतेक जण धरतच नाहीत. भर उन्हात इन्सुलेशन नसलेल्या पत्र्यातून चौरस मीटरला १०० वॅटच्या आसपास उष्णता आत येते असं मी ढोबळ धरतो. छत साधारण ४५० चौरस मीटर, म्हणजे ४५ किलोवॅट. मशीनच्या दुपटीपेक्षा जास्त! पांढरा परावर्तक रंग मारला आणि ही उष्णता निम्म्यावर आली असं धरलं, तरी २२ किलोवॅट राहतात. एकूण ६५ च्या जागी ४२. व्हेंटवर खर्च करण्याआधी रंगाचं कोटेशन मागवा, असं मी सांगतो ते यासाठीच.

टप्पा ३ : हवा आत येण्याची जागा

वर-खाली उघड्या जागा असल्या की वारा नसतानाही गरम हवा वर जाते आणि खालून थंड हवा आत येते. किती जाते त्याचं सूत्र असं :

```
Q = 0.6 × A × √(2 × 9.81 × H × dT / T)
```

Q म्हणजे सेकंदाला किती घनमीटर हवा. H हे खालच्या आणि वरच्या उघड्या जागांमधलं उभं अंतर, मीटरमध्ये. dT आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, आणि T आतलं तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. A ही परिणामी मोकळी जागा. वरची आणि खालची जागा सारखी असेल तर A म्हणजे त्यातल्या एकीचा ०.७ पट.

आपल्या शेडमध्ये खालच्या लुव्हरचा, म्हणजे भिंतीतल्या तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्याचा, मध्य जमिनीपासून १ मीटरवर, वर आढं ८ मीटरवर, म्हणून H ७ मीटर. आत ४० अंश, बाहेर ३५. वर ९ चौरस मीटर, खालीही ९ चौरस मीटर मोकळी जागा दिली, तर सेकंदाला साधारण ५.६ घनमीटर हवा जाते. एवढी हवा ५ अंशांच्या फरकावर सुमारे ३३ किलोवॅट उष्णता सोबत नेते. आपल्याला ४२ न्यायची आहे. फरक वाढला की ओढही वाढते, त्यामुळे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण ६ अंश वर जाऊन स्थिरावेल. छताला रंग नसता तर ६५ किलोवॅटसाठी हाच फरक ८ अंशांच्या आसपास गेला असता.

आता याच शेडमध्ये वर ९ चौरस मीटर तसेच ठेवा आणि खाली फक्त २ चौरस मीटर द्या. हवा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी होते. वरचा सगळा खर्च पाण्यात.

म्हणून नियम साधा आहे. खालची मोकळी जागा वरच्याइतकी तरी हवीच, थोडी जास्त असली तर उत्तम. "मोकळी" हा शब्द महत्त्वाचा. स्थिर पट्ट्यांच्या लुव्हरमध्ये खरी मोकळी जागा चौकटीच्या साधारण निम्मी असते. ९ चौरस मीटर हवी तर १८ चौरस मीटर लुव्हर लावा. दीड मीटर बाय एक मीटरचे बारा, दोन्ही लांब भिंतींवर सहा-सहा. त्यामागे मच्छरजाळी लावली तर मोकळी जागा आणखी बरीच घटते, आणि ती धुळीने भरली की जवळजवळ बंदच होते. पक्षी-उंदरांसाठी १२ मिलिमीटरची वेल्ड जाळी पुरते.

"आमचं शटर दिवसभर उघडंच असतं" हे नेहमीचं उत्तर. शटरने जागा भरपूर मिळते, खरंय. पण ते एका टोकाला असतं. हवा त्या टोकाजवळून वर जाते आणि दुसऱ्या टोकाचा लेथवाला तसाच घामाघूम. लुव्हर माणसं आणि मशीन जिथे आहेत त्यांच्या बाजूला हवेत.

> तपासा : लुव्हरसमोर बाहेरून स्क्रॅप, रॅक किंवा शेजारच्याची भिंत टेकलेली नाही ना? कागदावरचा लुव्हर आणि वापरात असलेला लुव्हर यांत बऱ्याचदा पत्र्यांची एक थप्पी असते.

टप्पा ४ : रिज व्हेंट की टर्बो?

इथे भावना बाजूला ठेवून क्षेत्रफळ बघा. २४ इंची टर्बोचा गळा ०.२८ चौरस मीटर. बारा टर्बो लावले तर ३.४ चौरस मीटर. आढ्यावर ३० मीटर लांब आणि फक्त ३० सेंटिमीटर रुंद फट ठेवली, तर ९ चौरस मीटर. तेवढ्या गळ्यांसाठी ३२ टर्बो लागतील. वारा पडलेल्या दुपारी, खाली ९ चौरस मीटर जागा असताना, बारा टर्बोंमधून या रिज व्हेंटच्या जेमतेम निम्मी हवा जाईल. तीही पात्यांचा अडथळा न धरता.

वारा असेल तेव्हा टर्बो आपली बाजू सावरतो. म्हणून कॅटलॉगमधला घनमीटरचा आकडा वाचताना तो किती किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला दिलाय ते आधी बघा. तुमच्या शेडभोवती उंच इमारती असतील तर तो वारा छतापर्यंत पोचतच नाही.

माझं मत असं. नवीन शेड बांधत असाल तर डोळे झाकून रिज व्हेंट करा, तेव्हा त्याचा खर्च फार वाढत नाही. जुनी शेड असेल, आढं उघडणं अवघड असेल, काम थांबवता येत नसेल, तर टर्बो. एक-दोन दिवसांत बसतात आणि पत्रे फारसे हलवावे लागत नाहीत.

दोन्ही एकाच छतावर मात्र नको. टर्बो मग खालची हवा ओढण्याऐवजी शेजारच्या रिज व्हेंटमधून बाहेरचीच हवा ओढतो. हेच गेबल भिंतीत, म्हणजे शेडच्या टोकाच्या त्रिकोणी माथ्याच्या भिंतीत, वर असलेल्या जाळ्यांचं. टर्बो लावल्यावर छताजवळच्या त्या जाळ्या बंद करा. आणि भिंतीवरचे विजेचे एक्झॉस्ट फॅन? दारं बंद करून ते चालवले तर टर्बोमधून हवा उलटी आत येते, सोबत धूळ आणि पावसात पाणी. दोन्हींतलं एक निवडा, नाहीतर खालची जागा भरपूर वाढवा.

टप्पा ५ : बसवणं

*छतावर चढण्याआधी.* सिमेंटचा पत्रा आणि उजेडासाठी लावलेला फायबरचा पत्रा माणसाचं वजन घेत नाही. फायबरवर वर्षानुवर्षांची धूळ बसली की तो लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो, आणि माणूस थेट खाली. आदल्या दिवशी आतून बघून उजेडाच्या पत्र्यांच्या जागा वर खडूने खुणा करून ठेवा. फुल बॉडी हार्नेस, आडवी लाइफलाइन, चालायला फळ्या. काम सकाळी लवकर उरका.

*टर्बो.* जागा आढ्याच्या जितकी जवळ तितकी बरी, म्हणजे सर्वांत गरम हवा मिळते आणि डोकं आढ्याच्या वर राहून दोन्ही बाजूंचा वारा लागतो. अंतर सारखं ठेवा, पण भट्टी, कॉम्प्रेसर यांच्यावर एखादा जास्त चालेल. इलेक्ट्रिकल पॅनल आणि सीएनसीच्या बरोबर वर नको. आडव्या पावसात फिरत्या टर्बोतूनही थेंब आत येतात.

भोक दोन परलीनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर बसवलेला असतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या, मध्ये घ्या. परलीन कापायची नाही. कापायला निबलर किंवा जिगसॉ वापरा. ग्राइंडरच्या ठिणग्या आजूबाजूचा रंग आणि जस्त जाळतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज येतो. लोखंडाचा किस त्याच दिवशी झाडून काढा.

पुढची पायरी सर्वांत जास्त चुकते. बेस प्लेटची वरची कड आढ्याकडच्या रिज कॅपच्या किंवा वरच्या पत्र्याच्या खाली गेली पाहिजे, आणि खालची कड खालच्या पत्र्याच्या वर आली पाहिजे. छतावरून पाणी ज्या दिशेने उतरतं त्याच दिशेने थर लागले पाहिजेत. बेस प्लेट नुसती पत्र्यावर ठेवून भोवती सिलिकॉन फासलं, तर पहिला पाऊस निघतो, दुसऱ्या पावसात गळायला लागतं. बेस प्लेट पत्र्याच्या नाळीशी जुळणारीच घ्या. स्क्रू रबर वॉशरचे, पत्र्याच्या उंचवट्यावर, आणि काही थेट परलीनमध्ये, नाहीतर वादळात प्लेटसकट टर्बो उडतो. सीलंट न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या पत्र्याला खातं.

गळ्याचे दोन भाग एकमेकांवर फिरवून छताचा उतार भरून काढायचा असतो. डोकं लावायच्या आधी गळ्याच्या कडेवर लेव्हल ठेवा, दोन काटकोनी दिशांनी. टर्बो कलता राहिला तर काही महिन्यांत बेअरिंग घरघरायला लागतं.

*रिज व्हेंट.* आधी आढ्याच्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या परलीनमधलं अंतर मोजा. ते २० सेंटिमीटर असेल तर ३० ची फट मिळणारच नाही. परलीन सरकवायच्या तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. वरच्या टोपीवर वाऱ्याचा उचलणारा जोर मोठा असतो, तिचे ब्रॅकेट पत्र्याला नाही तर परलीनला बांधा.

फटीच्या दोन्ही कडांना पत्रा वर वळवून साधारण १५ सेंटिमीटरची उभी कड करा, म्हणजे वाऱ्याने वर सरकलेलं पाणी आत उतरत नाही. टोपी फटीच्या दोन्ही बाजूंना पुरेशी पुढे आलेली हवी. टोपीखालून हवा जायची दोन्ही बाजूंची उघडी जागा मिळून फटीपेक्षा कमी नको. फट ३० सेंटिमीटर आणि टोपी दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटरवर टेकवलेली, असं केलं तर तुमचा व्हेंट २० चाच झाला. टोपीच्या दोन्ही बाजूंना, थोडं अंतर सोडून, उभी वारा-अडवणी पट्टी लावा. ती नसली की समोरचा वारा सरळ आत घुसतो आणि गरम हवा खाली दाबतो. कोकणपट्टीत, पश्चिमेचा पाऊस अंगावर घेणाऱ्या शेडवर, ही पट्टी वगळायचा विचारही करू नका. व्हेंटची दोन्ही टोकं बंद करायला विसरू नका.

> तपासा : काम संपल्यावर छतावर पाइपने पाणी सोडा. सुरुवात खालून करा आणि हळूहळू आढ्याकडे सरका. गळती दिसली की कोणत्या सांध्याची ते लगेच कळतं. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

टप्पा ६ : खरंच चालतंय का?

वारा कमी असलेली दुपार निवडा. मशीन चालू, एक्झॉस्ट फॅन बंद. उदबत्ती पेटवून प्रत्येक लुव्हरसमोर धरा. धूर आत वळला पाहिजे. बाहेर जात असेल तर हवा दुसऱ्या कुठल्यातरी उघड्या जागेतून आत येतेय, ती वाट शोधा. वरच्या बाजूसाठी, टर्बो बसवतानाच गळ्याखाली जाळी लावून तिला खालून पातळ प्लॅस्टिकची एक वीतभर पट्टी बांधून ठेवा. पट्टी जाळीला वर चिकटलेली दिसली तर हवा बाहेर जातेय. सरळ खाली लोंबत किंवा खाली फडफडत असेल, तर वर टर्बो कितीही फिरो, काम होत नाहीये. खालून मान वर करून बघितलं की पुरे.

मग पहिल्या टप्प्यातली तीन तापमानं पुन्हा घ्या, तशाच हवामानाच्या दिवशी. तुलना आतल्या आकड्याची नाही, आत-बाहेरच्या फरकाची करायची. मार्चमधलं ३८ आणि मेमधलं ४१ शेजारी ठेवून "काही उपयोग झाला नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

फरक कमी झाला पण माणसं अजून तक्रार करताहेत? त्यांच्या अंगावर वारा लागत नसेल. छताचं व्हेंट हवा बदलतं, झुळूक देत नाही. त्या जागी पंखा लागेलच, आणि लुव्हर त्यांच्या जवळ हलवता आला तर बघा.

टप्पा ७ : दर मे महिन्यात

पावसाळ्याआधी एकदा वर जा. प्रत्येक टर्बो हाताने हलकेच फिरवा. तो आवाज न करता फिरत राहून सावकाश थांबला पाहिजे. झटक्याने थांबला किंवा खरखरला तर बेअरिंग गेलंय. सीलबंद बेअरिंगमध्ये तेल ओतू नका, त्यावर धूळ बसून ते आणखी लवकर जाम होतं. बेअरिंग बदला. डोकं डगमगत असेल तर आधी पात्यांवर धूळ एकाच बाजूला साचली आहे का बघा. फाउंड्री आणि पिठाच्या गिरणीत हे हमखास होतं. ओल्या फडक्याने पुसलं की बऱ्याचदा डगमग जाते. त्याच फेरीत बेस प्लेटचे स्क्रू, वरच्या कडेचा सांधा आणि रिज व्हेंटमधली पक्ष्यांची घरटी बघून घ्या, आणि खाली उतरल्यावर लुव्हरच्या जाळ्या ब्रशने झाडून काढा.